दाढ किंवा डोकं ठणकताना नाडी धावते: दुखण्यामुळे की हृदयामुळे?

रात्री दाढ ठणकते, झोप लागत नाही, म्हणून माणूस कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावतो आणि ११८ हा आकडा बघून घाबरतो. घाबरला की आकडा १२५ वर जातो. सकाळी आमच्या दवाखान्यात तो येतो तो दाढेची नाही, छातीची काळजी घेऊन. मायग्रेनवाल्यांचंही तेच. सोलापुरातल्या पेशंटकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

दाढ दुखताना नाडी ११५ दिसते. हार्ट अटॅक तर नाही ना?

बहुतेक वेळा नाही. पण नुसत्या ११५ या आकड्यावरून मी ‘नाही’ म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. मोठ्या माणसाची शांत बसलेली नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. जोराच्या दुखण्यात ती १०० ते १२० पर्यंत जाणं अगदी नेहमीचं आहे. पाहायचं ते हे, की नाडी दुखण्याच्या मागे मागे चालते आहे का. कळ वाढली की नाडी वाढते, कळ उतरली की थोड्या वेळात नाडीही उतरते, असं असेल तर ती दुखण्याची नाडी. दुखणं कमी झालं तरी नाडी वरच राहिली, किंवा दुखणं फारसं नसताना एकाएकी उसळली, तर कारण दुसरं शोधावं लागतं.

दुखतो दात, मग हृदय का धावतं?

कळ मेंदूपर्यंत पोचली की शरीर तिला धोका समजतं. हृदयाकडे जाणाऱ्या नसा त्याला जोरात चालायला सांगतात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात. त्याने ठोके वाढतात, ब्लड प्रेशर चढतं, तळहातांना घाम येतो, तोंड कोरडं पडतं. हृदयात बिघाड काहीच नसतो. त्याला आलेला हुकूम ते पाळत असतं. रक्तातलं ॲड्रेनालिन काही मिनिटांतच निकामी होतं, म्हणून कळ खरोखर थांबली की नाडीला खाली यायला फार वेळ लागत नाही. ओळखण्याची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

दुखण्यामुळे नाडी वाढते तेव्हा ती हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते, आणि ठोके एकसारख्या अंतराने पडतात. हृदयाच्या विद्युत यंत्रणेतला एक बिघाड असा असतो, की नाडी बटण दाबल्यासारखी क्षणात ८० वरून १७० ते १८० वर जाते, तिथेच अडकून राहते आणि तशीच एकदम खाली येते. दुसऱ्या एका बिघाडात ठोक्यांना तालच राहत नाही, दोन लवकर, एक उशिरा, एक हलका, असं चालतं. या दोन्ही गोष्टी दाढदुखीने होत नाहीत. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी केवळ दुखण्याने १४० च्या पुढे जाऊन तिथेच टिकणंही माझ्या मनाला पटत नाही, असा पेशंट मी ईसीजी काढल्याशिवाय घरी सोडत नाही.

घरी नाडी नीट मोजायची कशी?

पाच मिनिटं टेकून बसा. जिना चढून आल्या आल्या किंवा उलटी झाल्या झाल्या मोजू नका. मनगटावर अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची धडधड मध्ये येते. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. ताल चुकल्यासारखा वाटला तर पूर्ण मिनिट मोजा. घड्याळ किंवा ऑक्सिमीटर आकडा बरा सांगतात, पण हात हलला, बोट गार असलं किंवा ठोके बेताल असले की चुकतात. म्हणून यंत्रावर विचित्र आकडा दिसला की आधी बोटांनी खात्री करा.

मग कागदावर लिहा: वेळ, नाडी, आणि दुखणं दहापैकी किती. गोळी घेण्याआधी एकदा, आणि नंतर दर अर्ध्या तासाने, दोन तासांपर्यंत. मधल्या वेळात सारखं बघत बसू नका, त्या बघण्यानेच आकडा वाढतो.

एखादं उदाहरण सांगाल का?

पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या एक काकू, वय ५२. मे महिना. खालची डावी दाढ किडलेली, दोन दिवसांपासून ठणका. कडक भाकरीचा तुकडा त्या बाजूला आला की कळ डोळ्यापर्यंत. रात्री अकरा वाजता मुलाने नाडी मोजली तर ११६, घरातल्या यंत्रावर प्रेशर १५६/९४. त्याने मला फोन केला.

मी आधी छातीबद्दल विचारलं: भरून येतं का, दम लागतो का, गार घाम आहे का. काही नव्हतं. साखर नव्हती, हृदयाचा त्रास कधी नव्हता. ताप ९८.८. गालावर किंवा जबड्याखाली सूज नव्हती. मग विचारलं, दाढेला काय लावलं? मिश्री. दिवसात चार-पाच वेळा. शिवाय जेवता येत नाही म्हणून चहावर चहा, आणि पाणी गार लागतं म्हणून पाणी जवळजवळ बंद. म्हणजे ११६ मध्ये एकट्या कळेचा हिस्सा नव्हता. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिचं निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं आणि नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी सहज वाढवतं. वर सोलापूरचा मे महिना आणि पोटात पाणी नाही.

मिश्री चूळ भरून काढायला लावली. कोमट पाणी मीठ-साखर घालून घोट घोट दिलं. त्यांना कावीळ किंवा यकृताचा आजार नव्हता, वजन ५८ किलो, म्हणून पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या घ्यायला सांगितल्या. मुलाने लिहिलेली नोंद अशी होती: अकरा वाजता नाडी ११६, दुखणं ८. साडेअकराला ११२ आणि ७. बाराला ९८ आणि ५. साडेबाराला ८८ आणि ३. एक वाजता काकू झोपल्या होत्या. सकाळी नाडी ७८, प्रेशर १३८/८६.

पहिल्या अर्ध्या तासात आकडा जवळजवळ हलला नाही, तिथेच बरेच लोक घाबरतात. पोटातून घेतलेल्या गोळीला चढायला अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतर दुखणं आणि नाडी हातात हात घालून उतरली, याला मी दुखण्याची नाडी म्हणतो. दाढेचं रूट कॅनल झालं. प्रेशर मात्र दाढ बरी झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं, कारण ठणक्यातल्या प्रेशरवरून ना निदान करायचं, ना ते विसरायचं.

जबडा दुखतोय. दाताचं आहे की हृदयाचं, कसं कळणार?

सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चूक जिवावर बेतते. हृदयाकडून आलेल्या वेदनेच्या नसा आणि मान-जबड्याच्या नसा मज्जारज्जूच्या वरच्या भागात आणि मेंदूच्या बुडाशी एकमेकींच्या शेजारी जाऊन मिळतात. त्यामुळे मेंदूची जागेबद्दल गफलत होते. हृदयाला रक्त कमी पडतं आणि दुखतो खालचा जबडा. कधी कधी छातीत काहीच नसतं.

दाताचं दुखणं माणूस सहसा एका बाजूला, एका बोटाने दाखवतो. दात वरचा की खालचा याचा गोंधळ झाला तरी ते डावीकडून उजवीकडे जात नाही. गार पाणी, गरम चहा, चावणं, दातावर टकटक केलेलं, यांपैकी कशाने तरी ते भडकतं. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढून ठणका वाढतो. आणि ते तासन् तास चालतं.

हृदयाचं जबड्यातलं दुखणं वेगळं वागतं. ते बहुधा खालच्या जबड्यात, अनेकदा दोन्ही बाजूंना, आवळल्यासारखं किंवा भरून आल्यासारखं असतं. बोटाने नाही, पूर्ण तळव्याने दाखवलं जातं. चालताना, जिना चढताना, जेवून लगेच चालू लागल्यावर येतं आणि थांबलं की काही मिनिटांत जातं. दात ठोकून पाहिले तर एकही दुखत नाही. विश्रांती घेऊनही ते पंधरा-वीस मिनिटं टिकलं, तर तो अटॅक समजूनच पावलं उचलायची.

एक गृहस्थ, वय ५८, पॉवरलूमवर मुकादम, दहा वर्षांची साखर. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाताना थोडं चाललं की जबडा भरून यायचा, थांबलं की मोकळा व्हायचा. त्यांची एक दाढ किडलेली होतीच, म्हणून सगळ्यांनी दोष तिला दिला. दाढ काढली. दुखणं राहिलं. माझ्याकडे आले तेव्हा नाडी फक्त ८४, ताल एकसारखा. काकूंच्या ११६ पुढे हा आकडा किती निरागस! पण दुखणं चालण्याशी बांधलेलं होतं, चावण्याशी नाही. बसून काढलेला ईसीजी साधा आला. तरी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि अँजिओग्राफीत मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. पन्नाशीनंतर तोंडात एखादा किडका दात कुणाच्याही सापडतो. तो सापडला म्हणून जबड्याच्या दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही.

साखर असलेली माणसं, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात अटॅक छातीत न दुखता, नुसत्या दमाने, घामाने, मळमळीने, जबड्याच्या किंवा पाठीच्या कळेने येऊ शकतो. बाईला असं झालं की घरात ‘पित्त झालं असेल’ म्हणून वेळ जातो. ते मला फार सलतं.

मग कधी थांबून नोंद वगैरे करत बसायचं नाही?

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी कळ, गार घाम, बसल्या जागी दम, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा बेताल ठोक्यांसोबत चक्कर, यांतलं काहीही असेल तर लगेच १०८ ला फोन करा. नाडी ७० असली तरी. हृदयाच्या खालच्या भागाच्या अटॅकमध्ये नाडी उलट मंदावू शकते, हे लक्षात असू द्या. पेशंटला चालवू नका, दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्रावाचा त्रास नसेल तर १०८ च्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घ्यायला द्या. शेजाऱ्यांकडची जिभेखालची सॉर्बिट्रेट मनाने देऊ नका, प्रेशर एकदम पडू शकतं. शहरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, तातडीचा विभाग रात्रंदिवस चालू असतो. जवळ चोवीस तास ईसीजी होईल असं रुग्णालय कोणतं, हे आजच माहीत करून घ्या.

डोकेदुखीत एक वेगळी खूण आहे. आयुष्यात कधी झाली नाही अशी, मिनिटभरात टोकाला गेलेली डोकेदुखी, सोबत मान ताठ, बोलणं अडखळणं किंवा गुंगी, हे मायग्रेन नाही असं धरून चालायचं. मेंदूत रक्तस्राव असू शकतो. इथे ॲस्पिरिन अजिबात द्यायची नाही.

मायग्रेनमध्ये छाती धडधडते. तेही तसंच समजायचं का?

तत्त्व तेच, पण मायग्रेनमध्ये सरमिसळ जास्त. उलट्यांनी अंगातलं पाणी जातं, पोटात अन्न नसतं, उजेड आणि आवाजाने जीव नकोसा होतो, त्यामुळे नाडी ९५ ते ११० च्या आसपास रेंगाळते. अंधाऱ्या खोलीत पडून, घोट घोट ओआरएस घेऊन आणि लवकर घेतलेल्या गोळीने ती उतरते. उलटी थांबत नसेल तर पोटातली गोळी लागूच पडत नाही, आणि मग नाडी उतरत नाही याचा अर्थ ‘हृदय’ असा नसून ‘औषध पोचलंच नाही’ असा असतो. तेव्हा इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा.

काही डोकेदुखीच्या गोळ्यांत कॅफिन असतं, सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं. दोन्हींनी धडधड वाढते. सुमाट्रिप्टानसारख्या मायग्रेनच्या खास औषधानंतर छाती किंवा गळा थोडा वेळ आवळल्यासारखा वाटू शकतो. बहुतेकांत ते निरुपद्रवी असतं, तरी पहिल्यांदा झालं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा आटोक्यात नसलेलं प्रेशर असेल तर ते घ्यायचंच नाही. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून तिची पट्टी उसनी घेऊ नका.

प्रोप्रानोलॉल चालू आहे. मग नाडी बघून काय कळणार?

फार थोडं. मायग्रेन टाळण्यासाठी दिलं जाणारं हे औषध ठोक्यांना लगाम घालतं, त्यामुळे तीव्र दुखण्यातही नाडी ८० च राहू शकते. तुमच्या बाबतीत आकडा बाजूला ठेवून लक्षणंच बघायची. आणि ते एकदम बंद करू नका. दोन दिवस गोळी चुकली की नाडी आणि प्रेशर उसळी घेतात, हृदयरोग असेल तर ते धोक्याचं ठरतं.

कळ आली की उलट नाडी मंद होऊन घेरी येते. असं का?

काही जणांत जबर कळ किंवा इंजेक्शनची धास्ती हृदयाला हळू करणारी नस चेतवते, नाडी ५० वर येते, प्रेशर पडतं, माणूस पांढरा पडतो. आडवं करून पाय वर उचलले की एक-दोन मिनिटांत सावरतो. सावरला नाही, किंवा छातीत दुखत असताना असं झालं, तर वर सांगितलेला १०८ चा मार्ग.

दुखणं थांबलं, तरी नाडी ११० च. आता?

आधी ताप मोजा. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहाने वाढते. दाढेखाली पू झाला असेल तर गोळीने कळ दबते, पण ताप आणि नाडी राहते. जबड्याखाली सूज, तोंड उघडता न येणं, गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. हा संसर्ग गळ्यात उतरून श्वासमार्ग बंद करतो.

ताप नसेल तर पाणी किती प्यालात, तंबाखू-मिश्री-चहा किती झाला, ते आठवा. हे सगळं ठीक करूनही दुसऱ्या दिवशी विश्रांतीत नाडी १०० च्या वर असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ईसीजी बघावं लागतं. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं हे त्याचं फार मोठं कारण, आणि दाढेच्या निमित्ताने ते पहिल्यांदा उघडकीला येतं.

ईसीजी नॉर्मल आला. आता निश्चिंत?

तो काढला त्या क्षणापुरतं. मुकादमांचा ईसीजीही बसल्या जागी साधाच होता. अटॅकच्या सुरुवातीलाही तो साधा येऊ शकतो, म्हणून शंका असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ती वाढायला काही तास लागतात, त्यामुळे तीही अनेकदा दोनदा करावी लागते. घड्याळातला ईसीजी तालातला बिघाड पकडू शकतो, पण अटॅक नाही असं सांगू शकत नाही.

आधीच अँजिओप्लास्टी झाली आहे. दाढ दुखली तर काय करू?

दुखणं अंगावर काढू नका. ज्याच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्याच्या हृदयाला ११५ चा वेग झेपत नाही, वेग वाढला की त्याची रक्ताची गरज वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. म्हणजे दाताच्या कळेने सुरू झालेली धावपळ खऱ्या अंजायनापर्यंत, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या दुखण्यापर्यंत, जाऊ शकते. तुमच्यासाठी ‘दुखण्यामुळे की हृदयामुळे’ याचं उत्तर ‘दोन्हींमुळे’ असंही असू शकतं.

मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, दोन्हींनी हृदयरोग्याचा धोका आणि प्रेशर वाढतं, आणि आयबुप्रोफेन तुमच्या रोजच्या ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. यकृत ठीक असेल तर पॅरासिटामॉल बरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायचा म्हणून स्वतःहून थांबवू नका, विशेषतः स्टेंट नवा असेल तर. त्या थांबवल्याने स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते, आणि दात काढताना येणारं रक्त दंतवैद्य टाके घालून, दाब देऊन आवरू शकतात. त्यांना कार्ड दाखवा आणि तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलायला सांगा.

दंतवैद्यांनी भूल दिली आणि छाती धडधडू लागली. ॲलर्जी होती का?

बहुधा नाही. भूल जास्त वेळ टिकावी आणि रक्त कमी यावं म्हणून इंजेक्शनमध्ये थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्यातलं काही रक्तात गेलं की मिनिटभरात धडधड, हातांना कंप, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं शांत. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास घरघरणं ही ॲलर्जीची लक्षणं, ती असतील तर तिथल्या तिथे सांगा. हृदयरोग असेल तर सुई टोचण्याआधीच सांगा, कमी ॲड्रेनालिनची किंवा त्याशिवायची भूल देता येते. मात्र भूल नकोच असा हट्ट धरू नका, अर्धवट भुलीत दाढ काढताना तुमचं स्वतःचं शरीर त्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी जास्त ॲड्रेनालिन सोडतं.